नोकरी सोडण्याचं कारण

फॉर्मवरचा तो रकाना साधारण सहा सेंटिमीटर लांब आणि जेमतेम आठ मिलिमीटर उंच होता. त्याच्या वर, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासाठी, याच्या दुप्पट जागा सोडली होती. फॉर्म छापणाऱ्याचा हिशेब असा असावा की आधीची नोकरी सोडण्याचं कारण दोन शब्दांत मावतं. मी ‘कौटुंबिक कारण’ असं लिहिलं आणि खरंच थोडी जागा उरली.

औषधांच्या कारखान्याची ती पुढची खोली होती. तीन खुर्च्या, काचेचं दार, दारापलीकडे फोनवर बोलणारी मुलगी. गळ्यात अडकवायला मला ‘पाहुणा’ लिहिलेलं कार्ड दिलं होतं. पाच महिन्यांतली ही माझी तिसरी मुलाखत. निर्जंतुक इंजेक्शनं भरणारे कारखाने आमच्या भागात चारच आहेत. एक मी सोडला होता, दोघांनी मला नाकारलं होतं. हा चौथा.

प्लेसमेंट एजन्सीतल्या मुलीने आदल्या दिवशी फोनवर माझी तालीम घेतली होती. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आवाजावरून पंचविशीतली असावी. दर दोन वाक्यांनी ‘मॅम’ म्हणते आणि घाईत असते. तिने बजावलं होतं की आधीची कंपनी का सोडली हे विचारणारच, आणि उत्तर वीस सेकंदांच्या वर जाता कामा नये. जुन्या साहेबांबद्दल एक शब्द नको. ताण, राजकारण, पटलं नाही, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. घरी बसून सहा महिने पुरे झाले की माझी फाइल कुणी उघडणारसुद्धा नाही, हेही तिने सांगितलं. त्यात तिचा दुष्टपणा नव्हता. एखाद्या बाटलीवरची मुदत वाचून दाखवावी तसं तिने ते सांगितलं.

पहिल्या मुलाखतीत मी म्हणाले होते की अकरा वर्षं एकाच जागी झाली, काही नवीन शिकायचं होतं. समोरच्या माणसाने विचारलं, मग हातात दुसरं काही नसताना राजीनामा का दिलात? मी पुन्हा नवीन शिकण्याचंच बोलले. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. ते मला उलटं दिसत होतं, तरी प्रश्नचिन्ह ओळखू आलं.

दुसऱ्या मुलाखतीत मी सासूबाईंचं आजारपण सांगितलं. नवऱ्याने सुचवलं होतं. बाईमाणसाने असं कारण सांगितलं की पुढे कुणी खोदत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खोदत गेले. आता त्यांच्याकडे कोण बघतं? त्या बऱ्या झाल्या, मी म्हणाले. पुन्हा आजारी पडल्या तर? त्या प्रश्नावर खोलीतली दोन्ही माणसं माझ्याकडे अतिशय सहानुभूतीने पाहत होती. आठवड्याने नकार आला.

एजन्सीतल्या मुलीला हे कळल्यावर ती म्हणाली, “मॅम, सासूबाई बऱ्या झाल्या असं नाही सांगायचं. त्यांना दिरांकडे पाठवून द्या.”

मला दीर नाही, मी म्हणाले.

“मग नणंदेकडे. पण घरातून हलवा त्यांना.”

नवऱ्याने हे रात्री जेवताना सासूबाईंना हसत हसत सांगून टाकलं. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि भाजीची पिशवी घेऊन तीन मजले कठड्याला हात न लावता चढतात. त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला.

“माझं नक्की काय दुखत होतं, तेवढं सांगून ठेव गं. उद्या कुणाचा फोन आला तर मी भलतंच काहीतरी सांगून बसायचे.”

खुब्याचं हाड, मी म्हणाले.

“हाड. बरं. आणि आता मी लेकीकडे राहते होय? तिला विचारलंस का, ठेवून घेते का मला?”

सगळे हसले. मीही हसले. नंतर मी भांडी घासत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, ताटं पुसायला घेतली आणि अगदी हळू म्हणाल्या, “खरं कारण एवढं वाईट आहे का?”

मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्या जिना चढून आल्यावर मी त्यांच्या पायांकडे बघू शकत नाही.

नवऱ्याला वाटतं की माझं साहेबांशी पटत नव्हतं. जगात कुणाचं पटतं, असं तो म्हणतो, आणि म्हणताना माझ्या खांद्यावर हात ठेवतो. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

खरं कारण एका काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बशीएवढं आहे. व्यास नव्वद मिलिमीटर.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. इंजेक्शनच्या बाटल्या ज्या खोलीत भरतात, तिथली हवा स्वच्छ आहे की नाही हे तपासणं हे माझं काम होतं. त्यासाठी आम्ही पोषक जेल भरलेल्या बशा, ज्यांना प्लेट म्हणतात, भरण्याच्या जागेशेजारी चार तास उघड्या ठेवतो. हवेत जंतू असला तर तो जेलवर पडतो. मग त्या प्लेट्स आधी थोड्या कमी तापमानाला, नंतर थोड्या जास्त तापमानाला ठेवायच्या. पाचव्या दिवशी मोजायचं. एका जंतूची वाढून एक वसाहत होते, डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका. बाटल्या जिथे उघड्या असतात त्या जागेवरच्या प्लेटवर एकही ठिपका चालत नाही. आला तर माल अडकवून ठेवायचा, चौकशी करायची, जंतू कुठून आला ते शोधायचं. एकजण मोजून आकडा लिहितो, दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी बघून तपासल्याची सही करतो. ती दुसरी सही माझी असायची.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे मागे ‘इस्त्री’ म्हणत. त्यांच्या शर्टामुळे नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या नोंदीत एक चुणी उरत नसे.

तिसऱ्या दिवशी प्लेट्स एका कपाटातून दुसऱ्या, जास्त तापमानाच्या कपाटात हलवायच्या असतात. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं. सात नंबरच्या प्लेटवर मला तीन ठिपके दिसले. दोन मळकट पांढरे, एक पिवळा, कडा गोल. सात नंबर म्हणजे बाटल्यांना बुचं बसतात ती जागा. तिसऱ्या दिवशी आकडा लिहीत नाहीत, फक्त प्लेट्स हलवल्याची वेळ लिहितात. मी वेळ लिहिली. इस्त्रींच्या खोलीत जाऊन ठिपक्यांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, बघू, पाचव्या दिवशी काय ते कळेलच.

पाचव्या दिवशी माझ्या शेजारी अकरा वर्षं बसणाऱ्या मैत्रिणीने प्लेट्स मोजल्या. सात नंबरपुढे तिने शून्य लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी प्लेट हातात घेतली. जेल स्वच्छ होतं, नंबर बरोबर होता, तारीख बरोबर होती. पण प्लेट जड होती.

हे कुणाला सांगून पटणार नाही. ज्या हातांनी अशा हजारो प्लेट्स उचलल्या आहेत त्यांनाच कळतं. चार तास वाहत्या हवेखाली उघडी राहिलेली प्लेट सुकते, जेलचा थर पातळ होतो, कडेपासून किंचित सुटतो. ही टवटवीत होती. ती कधी त्या खोलीत गेलीच नव्हती. मी तराजूवर ठेवली. बाकीच्या प्लेट्स एकेचाळीस-बेचाळीस ग्रॅमच्या होत्या, ही शेहेचाळीस भरली. बदलणाऱ्याने नंबर बदलला, अक्षराचं वळणसुद्धा साधलं, पण सुकवायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

मी पुन्हा इस्त्रींकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

“मॅडम, तिसऱ्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत, त्याला कागद आहे?”

नाही, मी म्हणाले.

“जे कागदावर नाही ते घडलेलं नाही. नव्या लोकांना हा धडा तुम्हीच देता ना?”

मीच देत होते. शब्दही माझेच होते. ते पुढे म्हणाले की माल गुरुवारी निघायचा आहे, सगळ्या बाटल्यांची वेगळी चाचणी होतेच, आणि एका प्लेटवर खापर फोडून शंभर माणसांचं काम थांबवायचं असेल तर तसं मी लेखी द्यावं. मी मनातल्या मनात त्या वेगळ्या चाचणीचा विचार केला. हजारो बाटल्यांतून वीस तपासतात. राहिलेल्यांपैकी एखादीत काय असेल, ते या चाचणीने कळत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. मी जागेवर परत आले आणि सही केली. सहीला माझे चार सेकंद लागतात.

मैत्रिणीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि मला वाटतं, थोडी निराशाही.

तेवीस दिवसांनी मी राजीनामा दिला. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं. इस्त्रींनी फार आग्रह केला नाही. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि अनुभवाचं पत्र इतकं चांगलं लिहिलं की मला ते दोनदा वाचावं लागलं.

त्या बाटल्यांमुळे कुणाला काही झालं का, मला माहीत नाही. कळण्याची सोयच नाही. कुठल्यातरी खोलीत आधीच तापाने फणफणलेल्या माणसाला थोडा जास्त ताप आला तर त्याचा दोष कुणी बाटलीला देत नाही. औषध नियंत्रण खात्याला लिहायचं पत्र मी राजीनाम्याच्या आठवड्यातच लिहायला घेतलं. अकरा ओळी झाल्या. दहा ओळी सरळ आहेत. अकरावी, माझ्या सहीबद्दलची, मी पाच महिने बदलते आहे. ती ओळ खात्याकडे पोचली की माझं नाव इस्त्रींच्या नावाशेजारी चौकशीत येणार, आणि मग या चार कारखान्यांतच काय, कुठेच मला प्लेटला हात लावू देणार नाहीत. म्हणून मी ठरवलं होतं की आधी नोकरी मिळू दे, मग बघू. नोकरी मिळाल्यावर काय बघणार होते, तो विचार मी पूर्ण करत नसे.

मला आत बोलावलं.

टेबलापलीकडे दोघं होती. मनुष्यबळ विभागाची बाई, माझ्याच वयाची, समोर लॅपटॉप. आणि गुणवत्ता विभागाचे प्रमुख, सडपातळ, चष्मा डोळ्यांवर कमी आणि हातात जास्त असलेले गृहस्थ. पहिली पंचवीस मिनिटं त्यांनी कामाचे प्रश्न विचारले. पोषक जेलची जंतू वाढवण्याची क्षमता कशी तपासता, जंतू ओळखायला कोणती पद्धत वापरता, हातमोज्यांचे नमुने कधी घेता. पाच महिन्यांत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. मी बोलत गेले. एका ठिकाणी त्यांनी माझं म्हणणं वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, मी अजून आहे.

मग बाईंनी लॅपटॉपवरून मान वर केली आणि ते विचारलं. आधीची कंपनी का सोडलीत?

मी सांगितलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड, काही महिने घरी थांबणं गरजेचं होतं, आता त्या नणंदेकडे असतात, मी पूर्ण वेळ देऊ शकते. सतरा-अठरा सेकंद झाले असतील. एजन्सीतल्या मुलीने शाबासकी दिली असती.

बाई टाइप करू लागल्या. प्रमुखांनी चष्मा पुसायला घेतला.

“तुमच्या जुन्या साहेबांशी माझं बोलणं झालं काल,” ते म्हणाले. “आमची जुनी ओळख आहे.”

मी हात टेबलाखाली घेतले.

“फार चांगलं बोलले. म्हणाले, काम तर चोख आहेच. पण मुख्य म्हणजे बाई समजूतदार आहेत. शंका आली तर येऊन विचारतात, आणि समजावून सांगितलं की अडून बसत नाहीत.” त्यांनी चष्मा उजेडात धरून पाहिला. “आणि गेल्यावरही बाहेर कुठे काही बोलल्या नाहीत, म्हणाले. हे आजकाल दुर्मीळ झालंय हो.”

मी विचारलं, कशाबद्दल बोलले नाही?

ते हसले. चूक पकडल्यासारखं नाही, आपल्या माणसाशी हसावं तसं. “तेच तर. तुमच्या आधी इथे जे होते, त्यांनी दर महिन्याला माझी झोप उडवली. ज्ञान होतं, पण पोच नव्हता. आमच्या भरण्याच्या खोलीत तीन वर्षं एकाही प्लेटवर वाढ आलेली नाही. त्यांना तेच खटकायचं. चांगलं चाललेलंही माणसाला खटकावं?”

आत माणसं किती असतात, मी विचारलं.

“दोन पाळ्या मिळून बारा.”

बारा माणसं. आम्हा माणसांच्या अंगावरून चालता-बोलता मिनिटाला हजारो कण झडतात. कितीही झाकून घेतलं तरी थोडे निसटतातच. माझ्या अकरा वर्षांत, इस्त्रींनी हात फिरवल्यानंतरही, वर्षाला दोन-तीन वेळा तरी वाढीच्या खऱ्या नोंदी वर येत. तीन वर्षं, बारा माणसं, रोजच्या प्लेट्स, आणि एकही नाही. मला तराजूची गरज नव्हती.

तेव्हा मला कळलं की त्यांना माझं कारण पहिल्यापासून माहीत होतं. हाड, नणंद, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं ते मी किती सफाईने सांगते हे पाहायला. पहिल्या दोन ठिकाणी मी खोटं बोलले म्हणून नापास झाले होते, कारण ते खोटं कच्चं होतं. इथे त्याच खोट्यासाठी मला घेत होते. ती माझी या जागेची खरी पात्रता होती, आणि ती मला ज्याने दिली त्याने फोनवर तिची शिफारसही केली होती.

बाई म्हणाल्या की त्यांच्याकडून सगळं ठीक आहे, आणि मी सोमवारी रुजू होऊ शकेन का. प्रमुख म्हणाले, सोमवारीच यावं, म्हणजे नव्या महिन्याच्या नोंदींवर माझ्याच सह्या सुरू होतील. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला.

मी तो हात पाहिला. घरी मी काय सांगणार तेही दिसलं. नवरा खांद्यावर हात ठेवेल, म्हणेल, बघ, सुटलं ना एकदाचं. सासूबाई विचारतील, मग मी आता परत घरी आले का. मी हसेन. अकरावी ओळ तशीच राहील. आणि दर पाचव्या दिवशी कुणीतरी माझ्याकडे न बघता कागद सरकवेल.

“मॅडम?” बाई म्हणाल्या. “नोकरी सोडण्याचं कारण मी कौटुंबिक असंच नोंदवते. चालेल ना?”

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. “माझ्या सासूबाईंना काही झालेलं नव्हतं. आमच्या भरण्याच्या खोलीतल्या एका प्लेटवर तीन वसाहती आल्या होत्या. ती प्लेट बदलली. बदललेली मी ओळखली, आणि तरी तपासल्याची सही केली. त्यानंतर मला तिथे बसवेना, म्हणून सोडली.”

प्रमुखांचा हात अजून टेबलावर होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही बाहेर बोलणार नाही, अशी अपेक्षा आहे. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. सही तुमची आहे.”

“हो, माझी आहे,” मी म्हणाले. “आज संध्याकाळी मी औषध नियंत्रण खात्याला पत्र पाठवते आहे. त्यात ती सही मी केली, असंच लिहिणार आहे.”